धावण्याआधी कॉफी: किती घ्यायची, कधी घ्यायची आणि कुणी घेऊच नये – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा ओसरायला लागला की साताऱ्यात पहाटे धावणारे वाढतात. कुणी हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढत असतं, कुणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मैदानावर फेऱ्या मारत असतं. दोन्हीकडे कॉफीबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. उदाहरणं मुख्यतः घाटातल्या २१ किलोमीटरची आहेत, कारण कॉफीचा फायदा आणि तिची खोड दोन्ही तिथेच स्पष्ट दिसतात.

कॉफीने खरंच वेग वाढतो की नुसता मनाचा खेळ?

वाढतो, पण थोडा. दम टिकवण्याच्या खेळांत, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, सायकल, पोहणं यांत, योग्य मात्रेत कॅफीन घेतलं तर साधारण २ ते ४ टक्के सुधारणा दिसते. सव्वादोन तासांत हाफ मॅरेथॉन संपवणाऱ्याला २ टक्के म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आसपास. सराव बुडवून कॉफीवर भरवसा ठेवणाऱ्याला यातून काही मिळत नाही. सराव झालेला आहे, झोप झालेली आहे, त्यावर वरची मलई एवढीच तिची जागा.

कमी अंतरावरही तिची तपासणी झालेली आहे. १९९२ साली ब्रिटनमध्ये धावपटूंना ट्रेडमिलवर १५०० मीटर पळवलं. कॅफीन असलेली कॉफी पिऊन ते कॅफीन काढलेल्या कॉफीपेक्षा सरासरी ४.२ सेकंद लवकर पोचले. भरतीच्या मैदानावर चार सेकंदांना काय किंमत असते ते तिथे उभ्या असलेल्या पोरांना सांगायला नको.

ती नेमकं करते काय? ताकद देते का?

ताकद देत नाही. बिनसाखरेच्या काळ्या कॉफीत उष्मांक जवळजवळ नसतातच. दिवसभर आणि श्रम करताना मेंदूत एडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरावीक जागी जाऊन बसलं की आपल्याला थकवा, मरगळ, झोप जाणवते. कॅफीनची ठेवण त्याच्यासारखीच असल्याने ते एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसं त्या जागा आधीच अडवून बसतं. एडिनोसिन असतं, पण त्याला बसायला जागा मिळत नाही.

म्हणून त्याच वेगात तेवढेच श्रम करूनही ते कमी वाटतात, दुखणंही थोडं बोथट होतं. पाय दमतात तेवढेच, पण ती खबर उशिरा आणि हळू आवाजात पोचते. घाटात हीच गोष्ट अंगलट येऊ शकते. त्याबद्दल पुढे बोलू.

मग किती कॅफीन लागतं?

हिशेब कपांवर करायचा नाही, वजनावर करायचा. वजनाच्या दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम कॅफीन ही खेळाडूंवरच्या अभ्यासांत सर्वाधिक तपासलेली मात्रा आहे. काहींना २ मिलिग्रॅमलाही फरक जाणवतो. ९ मिलिग्रॅमपर्यंत नेलं तर वेग आणखी वाढत नाही. वाढतात ते हातांचं थरथरणं, धडधड, मळमळ आणि बेचैनी.

आमचा सल्ला असा की हौशी माणसाने २ पासून सुरुवात करावी, फार तर ३ पर्यंत जावं आणि तिथेच थांबावं. ६ चा आकडा प्रयोगशाळेत, डॉक्टरांच्या नजरेखाली, तरण्याताठ्या खेळाडूंवर तपासलेला आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० मिलिग्रॅम आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं कारण नाही असं म्हटलं आहे. ६५ किलोच्या माणसाला ३ च्या हिशेबाने १९५ मिलिग्रॅम येतात, म्हणजे तो या मर्यादेत बसतो. ८० किलोच्या माणसाला २४० येतात. अशांनी अडीचच्या आसपास राहिलेलं बरं.

आमच्या घरच्या कॉफीत किती असतं? मी रोज एक कप पिऊनच पळतो.

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. आपल्याकडची घरातली कॉफी म्हणजे कपभर दूध, दोन चमचे साखर आणि त्यात रंग यावा एवढी अर्धा चमचा पावडर. चव छान, पण कॅफीनच्या दृष्टीने ती जवळजवळ दूधच.

इन्स्टंट कॉफीच्या पावडरीत, ती निव्वळ कॉफीची असेल तर, एका ग्रॅमला साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन धरायला हरकत नाही. ब्रँडप्रमाणे थोडं कमीजास्त होतं. पण आपल्या किराणा दुकानात जास्त खपणाऱ्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे, ते भाजून दळतात. रंग आणि कडवटपणा देतं, कॅफीन अजिबात नाही. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत प्रमाण लिहिलेलं असतं. कॉफी ७० टक्के आणि चिकोरी ३० टक्के असेल तर एका ग्रॅमला २० च्या आसपासच कॅफीन उरतं.

चहाचा सपाट चमचा भरून इन्स्टंट पावडर म्हणजे दीड ते दोन ग्रॅम. म्हणजे अर्धा चमचा चिकोरीवाली पावडर टाकून केलेल्या त्या कपात वीसेक मिलिग्रॅम निघाले. ६५ किलोच्या माणसाला लागणाऱ्या मात्रेचा हा जेमतेम दहावा हिस्सा. त्याने तरतरी वाटत असेल तर ती सवयीची, गरम पेयाची आणि साखरेची आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त तिला कॅफीनचा परिणाम म्हणू नये.

स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन पाडून कॉफी करणाऱ्यांचं गणित वेगळं. दहा ग्रॅम पावडरीचं घट्ट डिकॉक्शन घेतलं तर शंभराच्या आसपास कॅफीन मिळून जातं. अर्थात तिथेही चिकोरी किती ते बघावं लागतं आणि बी अरेबिका आहे की रोबस्टा तेही. रोबस्टात जवळपास दुप्पट असतं.

कॅफेतली कॉफी घेतली तर?

चव चांगली, पण अंदाज लागत नाही. अमेरिकेत २००३ मध्ये एका साखळीच्या दुकानातून सहा दिवस तीच कॉफी, त्याच मापात घेऊन तपासली, तर कॅफीन २५९ पासून ५६४ मिलिग्रॅमपर्यंत निघालं. तेच दुकान, तेच नाव, तोच पेला, आणि फरक दुपटीहून जास्त. शर्यतीच्या सकाळी असली सोडत कशाला काढायची? आणि तेवढ्या पहाटे साताऱ्यात कॅफे उघडा सापडणं हा पुढचा प्रश्न.

आणि चहा? आम्ही चहावाले.

चहातही कॅफीन आहेच. दोन ग्रॅम चहा पावडर चांगली उकळलेल्या कपभर चहात ४० ते ५० मिलिग्रॅम मिळतं, टपरीवरच्या कटिंगमध्ये त्याच्या निम्मं. म्हणजे पूर्ण मात्रेसाठी चार कप दूध-साखरेचा चहा पोटात घालून घाट चढावा लागेल. मळ्यात, शेतात कामाला जाताना तो पुरतो. शर्यतीत तेवढं पाणी आणि दूध पोटात डचमळत राहतं. सवयीचा एक चहा मात्र बंद करू नका. तेवढा प्या आणि तेवढं कॅफीन हिशेबात धरा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

समजा एक धावपटू आहे, वजन ६२ किलो, घरी रोज दोन कप चहा, कॉफी क्वचित. तिला घाटाच्या हाफ मॅरेथॉनमध्ये उतरायचं आहे. सुरुवात सकाळी साडेसहाला आहे असं धरू. रक्तदाब, हृदय, पित्त यांचा त्रास नाही आणि गोळ्या चालू नाहीत.

पहिली चाचणी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी, रविवारच्या लांब पल्ल्याला. २ च्या हिशेबाने १२४ मिलिग्रॅम. तिच्याकडे बिनचिकोरीची इन्स्टंट कॉफी आहे, म्हणजे चार ग्रॅमच्या जरा वर. किचनचा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर दोन सपाट चमचे. चमचा सपाट करायचा, शिगोशीग भरायचा नाही. शिगेचा चमचा सहज दीडपट होतो. हेच चिकोरीवाल्या पावडरीतून मिळवायचं तर तीन चमच्यांच्या वर जावं लागेल आणि ते पाणी घशाखाली उतरणार नाही. म्हणून शर्यतीसाठी चिकोरी नसलेली छोटी बाटली वेगळी आणून ठेवलेली बरी.

पाणी दीडशे मिली, गरम, पण फुंकर मारत बसावं लागेल इतकं नाही. वाटलं तर थोडी साखर. दूध नको, किंवा चमचाभर. दुधाने कॅफीन नासत नाही, पण पोट जड होतं आणि घाटात उलटी झाली तर सगळाच हिशेब रस्त्यावर. सोबत एक केळं, किंवा ब्रेडला मध.

ती निघण्याच्या पाऊण ते एक तास आधी पिते. मग ती तीन गोष्टी टिपून ठेवते. पोट कसं राहिलं, हात थरथरले का किंवा धडधड झाली का, आणि नेहमीच्या वेगात नेहमीपेक्षा सोपं वाटलं का. त्या रात्री झोप कशी लागली हेही. सगळं ठीक असेल तर पुढच्या लांब पल्ल्याला १८५ मिलिग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅम, तीन सपाट चमचे. पहिल्याच मात्रेला हात कापायला लागले तर वर जायचं नाही. तिची मात्रा तीच. आणि १२४ लाच नेहमीपेक्षा सोपं गेलं तर १८५ कडे जायचं कारणच नाही.

शर्यतीच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. तीच बाटली, तोच चमचा, तेवढंच पाणी. पाहुण्यांकडे मुक्काम असेल तर पुडी मोजून सोबत न्यायची. रोजच्या दोन चहांपैकी सकाळचा त्या दिवशी शर्यतीनंतर.

किती आधी प्यायची?

रिकाम्या किंवा हलक्या पोटी कॅफीन रक्तात पाऊण ते एक तासात भरपूर चढलेलं असतं. पोट भरलेलं असेल तर दीड-दोन तासही लागतात. म्हणून साधारण एक तास आधी. एकदा चढलं की ते लगेच उतरत नाही. निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. त्यामुळे दोन-अडीच तासांच्या शर्यतीत मध्येच पुन्हा कॉफी लागत नाही.

पण घड्याळापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी लाजून विचारत नाही. कॉफीने आतडी हलतात, बऱ्याच जणांना अर्ध्या-पाऊण तासात शौचाला जावं लागतं. हे घरीच उरकलं तर फायदाच आहे. पण घरून निघताना कॉफी पिऊन तुम्ही मैदानावर पोचलात, तर बरोब्बर त्या वेळी फिरत्या शौचालयांपुढे पन्नास माणसांची रांग असते आणि माइकवरून सुरुवातीची उलटी गिनती चालू असते. ज्यांचं पोट असं चटकन हलतं त्यांनी दीड तास आधी घरीच प्यावी. अर्ध्या तासाच्या फरकाने कॅफीनच्या परिणामात फारसा फरक पडत नाही, पोटाच्या सुखात मात्र पडतो.

थर्मासमध्ये कॉफी नेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून पिणारेही दिसतात. १६०० मीटरसाठी ते फुकट आहे. सहा-सात मिनिटांत धावणं संपतं तोवर कॉफी पोटातच असते.

घाटात तिची खोड कशी दिसते?

समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा चढ लागतो. कॉफी चढलेली, हवा गार, आजूबाजूला गर्दी, ढोल. पहिले दोन किलोमीटर इतके सोपे वाटतात की माणूस सरावापेक्षा किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद जास्त वेगाने जातो. श्रम तेवढेच पडत असतात, जाणवत नसतात एवढंच. मांडीतला साखरेचा साठा त्या वेगाने खर्च होतो आणि माथ्यावर पोचेपर्यंत पाय रिकामे.

म्हणून कॉफी घेऊन घाटात उतरलात तर पहिले तीन किलोमीटर आपल्या भावनेवर विश्वास ठेवायचा नाही. सरावात जो वेग टिकला होता तो घड्याळावर बघून धरायचा. घड्याळ नसेल तर बोलून बघा. शेजाऱ्याशी सलग एक वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला.

उतारावर दुसरी बाजू कळते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ब्रेकचं काम पडतं, त्यांची नासधूस खरी उतारावरच होते. वेदना बोथट झालेली असली की माणूस ओल्या रस्त्यावर लांब टांगा टाकत सुटतो. गुडघा किंवा घोटा आधीच कुरकुरत असेल तर त्या दिवशी कॉफी न घेतलेली चांगली, कारण जी सूचना मिळायला हवी तीच दबते.

कॉफीने लघवी जास्त होते, मग शरीरातलं पाणी कमी नाही का होणार?

नाही. इथे सांगितलेल्या मात्रेला, आणि व्यायाम चालू असताना, हा परिणाम नगण्य असतो. कॉफीतलं पाणीही पाणीच आहे. तहान लागेल तसं प्या.

शर्यतीआधी आठवडाभर चहा-कॉफी सोडली तर परिणाम जास्त होतो म्हणतात.

असं सांगणारे बरेच भेटतात, पण त्यात दम नाही. रोज पिणाऱ्यांनाही शर्यतीच्या मात्रेचा फायदा होतो. उलट चहा अचानक तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, अंग जड पडतं, आणि हे दोन-तीन दिवस, कधी आठवडाभरही चालतं. ऐन शर्यतीच्या आधी हा उपास कशाला? ज्या घरात पहाटे चहा नसेल तर कुणी कुणाशी बोलत नाही, त्या घरात तर नकोच.

मी संध्याकाळी जिममध्ये जातो. सहा वाजता कॉफी घेतली तर?

साधा हिशेब करा. सहाला २०० मिलिग्रॅम घेतलं, अकराला त्यातलं १०० अजून अंगात. म्हणजे डोळे मिटताना नुकताच एक कडक कप प्यायल्यासारखं. झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्या लोकांची झोप तासाभराहून जास्त घटल्याचं अभ्यासात मोजलं गेलं आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेवर पुन्हा कॉफी, पुन्हा जिम. दुपारी तीननंतर मोठी मात्रा नको. वजन उचलण्यात तसाही फायदा दम टिकवण्याच्या खेळांपेक्षा कमीच असतो. झोप गेली तर तो वजा होतो.

जिममध्ये मिळणारी प्री-वर्कआउट पावडर चांगली का?

डब्यावर एका स्कूपमध्ये किती मिलिग्रॅम कॅफीन आहे ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून एकच बेरीज दिली असेल तर कॅफीनचा वाटा कळायला मार्ग नसतो. लिहिलेलं असलं तरी वाचा. ३०० मिलिग्रॅमचा एक स्कूप ५५ किलोच्या पोराला साडेपाचच्या मात्रेवर नेतो, आणि तो उत्साहात दीड स्कूप घालतो.

सुटी निव्वळ कॅफीन पावडर ऑनलाइन दिसली तर हातही लावू नका. चमचाभर म्हणजे काही हजार मिलिग्रॅम. त्याने माणसं दगावलेली आहेत.

एनर्जी ड्रिंकचा हिशेब त्या मानाने सरळ आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. २५० मिलीच्या कॅनमध्ये फार तर ७५. बाकी बहुतेक साखर आणि वायू, जो घाटात ढेकर होऊन वर येतो.

पोलीस भरतीला कॉफी चालते का? डोपिंगमध्ये पकडतील?

कॅफीन जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत होतं, १ जानेवारी २००४ पासून ते काढलं. आता त्यावर फक्त लक्ष ठेवलं जातं. कॉफी प्यायल्याने कुणी बाद होत नाही. निनावी पावडरीत मात्र कॅफीनसोबत बंदी असलेलं दुसरं काही मिसळलेलं असू शकतं, ते पकडलं जातं. काळ्या कॉफीत तो धोका नाही.

भरतीची खरी गोची वेळेची आहे. पहाटे चारला रांगेत उभं करतात, कागदपत्रं, छाती, उंची असं करत १६०० मीटरचा नंबर नऊला लागतो की अकराला हे कुणालाच माहीत नसतं. चारला घेतलेली कॉफी अकराला बरीच उतरलेली असते. अशा वेळी पुडी आणि छोटी पाण्याची बाटली सोबत ठेवा, गट पुकारायची चिन्हं दिसली की गार पाण्यातच ढवळून घ्या. इन्स्टंट पावडर गार पाण्यात विरघळते, चव वाईट लागते. सरावात हे एकदा केलेलं असावं. आणि त्याआधी रिकाम्या पोटी उन्हात तीन तास काढलेले असतील तर आधी काहीतरी खा. उपाशीपोटी कडक कॉफीने चक्कर आलेली पोरं दर भरतीत दिसतात.

कुणी घेऊच नये?

गर्भवती स्त्रियांनी धावण्यासाठी म्हणून कॅफीन घेऊ नये. गरोदरपणात दिवसभराची मर्यादाच २०० मिलिग्रॅमची आहे, त्यात चहाही आला, आणि शेवटच्या महिन्यांत कॅफीन अंगातून निघायला नेहमीच्या तिप्पट वेळ लागू शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तीच मर्यादा पाळावी. बाळ किरकिरं झालं तर आणखी कमी करावी.

रक्तदाब आटोक्यात नसेल तर नको. सवय नसलेल्या माणसाचा वरचा आकडा कॉफीने काही तासांसाठी पाच-दहाने चढतो आणि त्यात चढावरच्या धावण्याची भर पडते. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, आधी अँजिओप्लास्टी झाली असेल, चालताना छातीत दाटून येत असेल, तर प्रश्न कॉफीचा नाहीच. घाटात धावायचं की नाही हेच आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारायचं आहे. पन्नाशीनंतर नव्याने धावायला लागलेल्या काकांनी एकदा तपासणी करून घ्यावी आणि कॉफीची गोष्ट त्याच वेळी काढावी.

ज्यांना घाबरल्यासारखं होण्याचे, छातीत धस्स होण्याचे झटके येतात त्यांनी दूर राहावं. कॅफीन अगदी तसाच झटका आणू शकतं. जळजळ, आंबट ढेकर यांचा त्रास असलेल्यांना वाकून चढताना ते सगळं घशाशी येतं. झोप मुळात कमी लागणाऱ्यांनीही नको.

शाळकरी पोरांना आपण होऊन कॉफी देऊ नये. जिल्हा स्पर्धेला निघालेल्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘घे, जोर येईल’ म्हणून कडक कॉफी पाजणारे पालक भेटतात. तिच्या वयात सुधारणा सरावाने इतक्या झपाट्याने होते की दोन टक्क्यांसाठी हे करायचं कारणच नाही.

गोळ्या चालू असतील तर?

इथे जरा थांबून वाचा, कारण पहाटे धावणाऱ्या बायकांमध्ये हे फार दिसतं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि तिच्यापाठोपाठ कॉफी प्यायली तर गोळी नीट शोषली जात नाही. निदान अर्धा तास, जमलं तर एक तास अंतर हवं. आता गणित मांडा. साडेसहाला शर्यत, साडेपाचला कॉफी, म्हणजे साडेचारला गोळी. हे रोज जमणारं नसेल तर सरावाच्या दिवसांत कॉफी सोडा, किंवा गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. परस्पर बदलू नका. औषध तेच असूनही थायरॉइडच्या रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा अचानक वाढलेला दिसला तर ही पहाटेची कॉफी आठवा.

लोहाच्या गोळीचंही तसंच. कॉफी आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. दोन तासांचं अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला धाप लागते ती लोह कमी असल्याने. तिला कॉफी पाजून घाटात चढवणं म्हणजे रोग ठेवून लक्षण झाकणं.

काही औषधं कॅफीन शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन हे लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं प्रतिजैविक त्यांपैकी एक. त्या दिवसांत नेहमीचा एक कपही दोन कपांसारखा चढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॅफीन निम्मं व्हायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट होतो. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल तर ते कॅफीनच्याच कुळातलं, दोन्ही मिळून धडधड आणि मळमळ वाढवतात. उलट विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफीन लवकर निघून जातं. त्याने सिगारेट सोडली आणि कॉफी तेवढीच ठेवली, तर काही दिवसांतच ती जास्त चढायला लागते.

घेतल्यावर त्रास झाला तर काय करायचं?

हात कापणं, किंचित धडधड, अस्वस्थपणा एवढंच असेल तर वेग कमी करा, चालत या, पाणी प्या, त्या दिवशी आणखी चहा-कॉफी नको. काही तासांत उतरतं. ते लवकर उतरवणारं लिंबू, ताक किंवा मीठ असं काही नाही, वेळच लागतो. छातीत दुखणं, ठोके चुकल्यासारखे किंवा वेडेवाकडे पडणं, डोळ्यांपुढे अंधारी, सतत उलट्या यांतलं काहीही झालं तर रस्त्याच्या कडेला बसा आणि जवळच्या स्वयंसेवकाला हाक मारा. घाटातल्या शर्यतीत रुग्णवाहिका असते. इतर दिवशी एकट्याने घाटात असाल तर १०८ ला फोन लावा आणि किती वाजता किती कॉफी किंवा पावडर घेतली ते सांगा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.